पाणी थांबवायची जागा एकच

इन्स्टंट गिझर बसवायला गेलं की घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, “गरम पाण्याच्या बाजूला कॉक नाही लावणार का?” प्रश्न साहजिक आहे. पाणी जिथून बाहेर पडतं तिथेच ते बंद करायची आपल्याला सवय असते. बेसिनचा नळ, मोरीतला नळ, बागेतला पाइप, सगळीकडे हाच नियम. मग भिंतीवरच्या या एका वस्तूला वेगळा नियम का?

पुण्यातल्या कितीतरी बाथरूममध्ये स्टुलावर उभं राहून मी याचं उत्तर दिलं आहे. उत्तर एका वाक्यात मावतं: या गिझरचं पाणी आत शिरतानाच अडवायचं, बाहेर पडताना कधीच नाही. वाक्य सोपं आहे, पण ते पटायला वेळ लागतो. कारण गरम बाजूला कॉक लावलेला गिझर त्याच दिवशी फुटत नाही. काही घरांत तो वर्षानुवर्षं चालतो, आणि चालतोय म्हणजे ठीकच आहे असं सगळ्यांना वाटू लागतं. या धंद्यात मी जे शिकलो त्यातलं बरंचसं या ‘चालतंय’मागचं कारण शोधताना शिकलो.

मी बोलतोय तो गिझर म्हणजे एक किंवा तीन लिटरचा, 3 किलोवॉटचा, उघड्या तोंडाचा. त्याच्या पोटात छोटी टाकी असते. निळ्या खुणेच्या तोटीतून थंड पाणी तळाशी शिरतं आणि लाल खुणेच्या तोटीतून गरम पाणी वरच्या भागातून निघतं. गरम पाणी आपणहून बाहेर येत नाही. मागून शिरणारं थंड पाणी त्याला ढकलतं, तेवढंच ते बाहेर पडतं. थंड बाजूचा कॉक बंद केला की ढकलणारं कुणी उरत नाही, पाणी थांबतं, आणि टाकी भरलेलीच राहते. तिचं तोंड मात्र हवेत मोकळं असतं. म्हणून तिच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर नळाच्या लाइनचा दाब येत नाही. हे गृहीत धरूनच ती टाकी पातळ बनवलेली असते. स्वस्त, हलका आणि हातभर जागेत मावणारा गिझर मिळतो तो यामुळेच.

बहुतेक भानगडींची सुरुवात थेंबांपासून होते. अंघोळ झाली, थंड बाजूचा कॉक बंद केला, तरी गरम तोटीतून थोडा वेळ पाणी ठिबकत राहतं. गिझर गळतोय असं लोकांना वाटतं. एका घरातल्या आजींनी मला त्यासाठीच बोलावलं होतं. त्यांच्याकडे आधी येऊन गेलेल्या प्लंबरने गळती थांबवण्यासाठी तोटीला एक छोटा नळ बसवून दिला होता. ठिबकणं थांबलं म्हणून आजी खूश होत्या. आता त्यांची तक्रार वेगळी होती. सकाळी तो नळ उघडला की पहिला झोत एकदम जोरात अंगावर येतो, आणि मग धार नेहमीसारखी होते.

मी तो नळ काढला, तोटीखाली वाटी धरली आणि कॉक बंद ठेवून गिझर चालू केला. पाणी तापत गेलं तसे थेंब पडत गेले. थर्मोस्टॅटने वीज तोडली, दिवा विझला, आणि थोड्या वेळात थेंबही थांबले. वाटीत तीनेक चमचे पाणी जमलं होतं. आजींना सांगितलं, ही गळती नव्हे. पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं एक लिटर पाणी 60 अंशांवर नेलं तर ते साधारण 15 मिलीलिटरने वाढतं. टाकी एक लिटरचीच आहे, तेव्हा वाढलेलं पाणी कुठेतरी जायलाच हवं. तीन लिटरच्या गिझरमध्ये हेच पाणी 45 मिलीलिटरच्या आसपास भरतं. थेंब पडतायत याचा अर्थ गिझर व्यवस्थित श्वास घेतोय. नळ बसवल्यावर हे वाढलेलं पाणी आत कोंडलं जाऊ लागलं, आणि सकाळचा झोत हा त्या कोंडलेल्या दाबाचा होता.

आजी वाटीकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं झालं की रे हे.” मला त्यात काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

हा दाब किती असतो याचा अंदाज मला बरीच वर्षं नव्हता. एका इंजिनिअर गिऱ्हाइकाने कागदावर मांडून दाखवला तेव्हा नीट कळला. पाणी जवळजवळ दबतच नाही. पूर्ण भरलेलं, सगळीकडून बंद आणि जराही न फुगणारं भांडं असेल, तर 20 अंशांच्या आसपास पाणी फक्त एका अंशाने तापलं तरी दाब साडेचार बारच्या घरात वाढतो. म्हणजे 45 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, तोही एका अंशात. प्रत्यक्षात टाकी थोडी फुगते, नळ्या थोड्या ताणतात, कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, वॉशरमधून पाणी झिरपतं, म्हणून आकडा तिथवर जात नाही. पण फुगणारी ती टाकीच असते. रोज सकाळी फुगायचं, नळ उघडला की आकसायचं. पत्र्याचा जोड असं किती काळ सोसणार?

आता आत शिरणाऱ्या पाण्याबद्दल. थंड बाजूचा कॉक आवळून ठेवायचा असतो, पूर्ण सोडायचा नसतो, हेही अनेकांना विचित्र वाटतं. त्यामागे साधा हिशोब आहे. 3 किलोवॉटची कॉइल मिनिटाला एक लिटर वाहणारं पाणी साधारण 43 अंशांनी तापवू शकते. तेच मिनिटाला दोन लिटर सोडलं तर साडेएकवीस अंशांनी, आणि तीन लिटर सोडलं तर जेमतेम चौदा अंशांनी. डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 18 अंशांचं धरलं आणि अंघोळीला 40 अंश हवे असतील, तर वाढ हवी 22 अंशांची. म्हणजे प्रवाह मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच राहायला हवा. पंधरा लिटरची बादली भरायला साडेसात मिनिटं लागणार. यापेक्षा घाई केली तर बादली लवकर भरेल, पण कोमट पाण्याने.

हे जमवायला मोजमापाचं यंत्र लागत नाही. एक लिटरचा मग तोटीखाली धरायचा आणि घड्याळ बघायचं. मग तीस सेकंदांत भरला की प्रवाह मिनिटाला दोन लिटर. जास्त लवकर भरला तर थंड बाजूचा अँगल कॉक थोडा आवळायचा. काही गिझरच्या थंड तोटीत कंपनीने मधोमध बारीक भोक असलेली प्लास्टिकची चकती बसवलेली असते, तिचं काम हेच. सोबत जाळीही असते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात ती चकती खोक्यातल्या कचऱ्याबरोबर बाजूला टाकली होती. पॅकिंगमधला तुकडा राहून गेला असेल असं त्याला वाटलं. मी त्याला रागावलो नाही. चकती नसताना एकदा आणि लावून एकदा मग भरायला सांगितला, आणि दोन्ही वेळा पाण्यात बोट घालायला सांगितलं. त्यानंतर त्याने ती कधी विसरली नाही.

मात्र ही चकती नसली की पुढची साखळी सुरू होते, आणि ती मी अनेक घरांत पाहिली आहे. पाणी भरपूर येतं पण तापत नाही. घरातल्यांना वाटतं गिझर कमजोर आहे. मग कुणीतरी सुचवतं की गरम पाण्याच्या नळीला कॉक लावून धार बारीक करा. कॉक बसतो, धार बारीक होते आणि पाणी खरोखरच गरम येऊ लागतं. उपाय लागू पडला म्हणून सगळे निश्चिंत होतात.

या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची समजूत मला इथे मिळाली. धार आत येताना आवळली काय किंवा बाहेर पडताना आवळली काय, प्रवाह तेवढाच कमी होतो आणि पाणी तेवढंच तापतं. बादलीतल्या पाण्याला हात लावून फरक कळणार नाही. फरक पडतो तो दाब कुठे बसतो यात. थंड बाजूला आवळलं तर लाइनचा सगळा दाब कॉकच्या अलीकडे राहतो, आणि गिझरच्या टाकीला त्याचा पत्ताही लागत नाही. गरम बाजूला आवळलं तर तो सगळा दाब टाकीच्या पोटात जाऊन बसतो. पाणी तेच, हात तोच, पितळेचा कॉकही तोच, पण एका जागी तो टाकीला वाचवतो आणि दुसऱ्या जागी ताणतो.

यावर काही जण म्हणतात, आम्ही दोन्हीकडे कॉक लावू, थंड बाजूचा थोडाच उघडा ठेवू, मग दाब कमीच येईल. हा समज अगदी चुकीचा आहे. अर्धवट उघडा कॉक पाणी वाहत असेपर्यंतच दाब तोडतो. पुढे गरम बाजूचा कॉक बंद झाला आणि वाहणं थांबलं, की बारीक फटीतूनही पाणी झिरपत राहतं आणि काही क्षणांत दोन्हीकडचा दाब सारखा होतो. गच्चीवरची टाकी गिझरपासून 30 मीटर उंच असेल तर गिझरच्या टाकीवर 3 बार दाब येणार, मग कॉक पूर्ण उघडा असो नाहीतर केसाएवढा.

उंच इमारतींत हा आकडा मोठा होतो. दर दहा मीटरला एक बार, हे सरळ गणित आहे. वीस मजली इमारतीत मजला तीन मीटरचा धरला आणि वरची टाकी थेट खालपर्यंत जोडलेली असली, तर खालच्या मजल्यांवर 6 बारच्या आसपास दाब असतो. म्हणूनच अशा इमारतींत मध्ये दाब कमी करणाऱ्या झडपा बसवतात. बाजारात दाब सोसणारे गिझरही मिळतात. त्यांच्या प्लेटवर 6.5 बार किंवा 8 बार, किंवा 0.65 अथवा 0.8 एमपीए असं छापलेलं असतं. त्यांची टाकी जाड असते, आणि दाब हाताबाहेर गेला तर उघडणारी सुरक्षा झडप त्यांना असावी लागते. गिझर दुरुस्तीला घेतला की मी आधी ही प्लेट आणि सोबतचं पत्रक वाचतो. गरम बाजू बंद करू नये असं लिहिलेलं असेल, तर तो उघड्या तोंडाचा गिझर, मग दुकानदाराने काहीही सांगितलेलं असो.

कॉक नेहमी कॉकच्या रूपात समोर येत नाही. एका फ्लॅटमध्ये बाथरूमचं नवं काम झालं होतं. गुडघ्यापासून छतापर्यंत नव्या टाइल्स, भिंतीत गाडलेले पाइप आणि मधोमध चकचकीत थ्री-इन-वन मिक्सर. जुना तीन लिटरचा इन्स्टंट गिझर मात्र तसाच ठेवला होता आणि त्याची गरम बाजू भिंतीतल्या पाइपमधून मिक्सरला जोडली होती. तक्रार होती की गिझरचं पुढचं झाकण एका बाजूने उचललं गेलंय आणि खाली तपकिरी पाण्याचे ओघळ येतात. झाकण काढलं तर आतली टाकी बोटभर फुगलेली होती, आणि तिच्यामुळेच झाकण पुढे ढकललं गेलं होतं.

घरमालक म्हणाले, “अहो, गरम लाइनला कॉक लावूच दिला नाही आम्ही. तुमच्यासारख्याच एकाने बजावलं होतं.” मी मिक्सरची लाल खुणेची मूठ फिरवून दाखवली. ही काय आहे? हाच तो कॉक. मिक्सर बंद म्हणजे गिझरचं तोंड बंद. शिवाय मिक्सरमध्ये थंड आणि गरम बाजू आतून भेटतात, त्यामुळे काही मिक्सरमधून थंड लाइनचा दाब उलट वाटेनेही गिझरकडे येतो. त्या दिवशी नवीन टाइल्स फोडायची वेळ आली नाही, पण इन्स्टंट गिझर उतरवून 8 बारचा, सुरक्षा झडपेसह पंधरा लिटरचा स्टोरेज गिझर बसवावा लागला. मिक्सर हवा असेल तर दुसरा मार्ग नाही.

तेव्हापासून मी लपलेले कॉक शोधायला शिकलो. बटण दाबलं तरच पाणी सोडणारा हँड शॉवर हा कॉक आहे. हेल्थ फॉसेट हा कॉक आहे. किचनच्या सिंकवरचा वळणारा नळ हा कॉक आहे. कपाटामागे दुमडून गेलेला कनेक्शन पाइप हाही कॉकच. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत तर क्षार हळूहळू कॉकचं काम करतात. शॉवरची भोकं एकेक करून बुजतात, गरम तोटीचा घेर आतून पांढऱ्या थराने अरुंद होतो, आणि कुणी काहीही न बसवता गिझरचं तोंड मिटत जातं. धार आधीपेक्षा बारीक झाली आणि थंड बाजूचा कॉक जास्त उघडूनही ती मोठी होत नसेल, तर अडथळा गरम बाजूला आहे हे ओळखावं, आणि ते साफ होईपर्यंत गिझर वापरू नये.

एक घर मी पुढे अनेकांना उदाहरण म्हणून सांगत आलो. शहराच्या कडेचं रो-हाउस. पहिल्या मजल्यावर बाथरूम, वर गच्चीवर टाकी. तीन लिटरचा उघड्या तोंडाचा गिझर आणि त्याच्या गरम बाजूला साधा बिब कॉक. असं ते बरीच वर्षं बिनतक्रार चाललं होतं. मग शॉवरची धार बारीक येते म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसवला. थोड्याच दिवसांत गिझर खालून गळू लागला, पंप रात्री आपोआप सुरू होऊन बंद पडू लागला, आणि गरम नळ उघडताच तो पाणी थुंकल्यासारखा बाहेर फेकायचा. दोष पंपाचा आहे अशी घरातल्यांची खात्री होती. पंपवाल्याचं म्हणणं होतं की गिझर खराब आहे.

मी क्रमाने विचार केला. पंप नव्हता तेव्हा टाकीची उंची तीन मीटर, म्हणजे दाब 0.3 बार. फार नाही. आणि तापून वाढलेलं पाणी कुठे जायचं? गरम बाजू तर बंद होती. ते थंड बाजूने उलटं मागे सरकायचं, पाइपातून वर चढायचं आणि गच्चीवरच्या टाकीत मिसळायचं. थंड बाजूचा कॉक नेहमी उघडाच असायचा. म्हणजे चुकीच्या जोडणीतही गिझरला श्वास घ्यायला एक वाट होती, फक्त ती मागच्या दाराने होती आणि कुणाला ठाऊक नव्हती. ‘चालतंय’मागचं कारण हे होतं.

पंप बसवल्यावर दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक तर पंप बंद होताना लाइनमध्ये 2 बारच्या आसपास दाब ठेवून जातो, आणि तो चोवीस तास गिझरच्या टाकीवर बसू लागला. दुसरी गोष्ट जास्त घातक. पंपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पाणी मागे जाऊ नये म्हणून. त्याने ती मागची वाट बुजवली. आता पुढे बिब कॉक बंद, मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद, आणि मध्ये 3 किलोवॉटची कॉइल. तीन लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर जायला अडीच मिनिटं पुरतात आणि तेवढ्यात ते 40 मिलीलिटरच्या वर फुगतं. घरातला एखादा दुसरा नळ त्या वेळी उघडला गेला तर दाब तिकडून निसटायचा. सगळे झोपलेले असताना पहाटे कुणी गिझर लावला तर निसटायला जागाच नव्हती. टाकीचा खालचा जोड उसवला होता, त्यातून पाणी पाझरून लाइनचा दाब उतरायचा, आणि तो भरून काढायला पंप रात्री सुरू व्हायचा. पंप ठीक होता. गिझरही मुळात ठीक होता. चूक फक्त त्या बिब कॉकची होती, आणि ती इतकी वर्षं झाकलेली होती.

गिझर बदलला, बिब कॉक काढून तिथे खाली वळलेली मोकळी तोटी लावली. पंपाच्या दाबामुळे आता पाणी फार वेगाने येणार होतं, म्हणून थंड बाजूला चकती तपासली आणि अँगल कॉक मग धरून लावून दिला. जोडणी अशी झाली की पंपाचा दाब अँगल कॉकपाशी अडतो, आणि टाकीवर फक्त मोकळ्या तोटीतून वाहण्यापुरताच दाब येतो.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वाईट असतो असा याचा अर्थ नाही. थंड बाजूला त्याचा उपयोगही आहे. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, तर गिझरमधलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं आणि कॉइल कोरडी पडून जळू शकते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते थांबवतो. गरम तोंड उघडं असेल तर तो राखणदार आहे. गरम तोंड बंद असेल तर तोच व्हॉल्व्ह टाकीची शेवटची वाट अडवतो. म्हणून कोणत्याही एका फिटिंगला चांगलं-वाईट ठरवण्याआधी पाण्याची पूर्ण वाट मनात काढायची, हे मी त्या रो-हाउसमध्ये शिकलो.

थर्मोस्टॅट आहे, त्याच्यावर थर्मल कटआउट आहे, मग एवढी काळजी कशाला, असं विचारणारेही भेटतात. मी उघडलेल्या गिझरपैकी काहींमध्ये थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना चिकटलेले होते, म्हणजे तो कधी वीज तोडणारच नव्हता. आणि काहींमध्ये कटआउट सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी तरी त्याच्या दोन्ही वायर थेट जोडून टाकल्या होत्या. हे मी पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि आजही येतो. कारण अशा गिझरमधलं एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

तोंड उघडं असेल तर पुढे काय होतं? तोटीतून उकळतं पाणी आणि वाफ फुसफुसत बाहेर येते. कॉइल मिनिटाला 80 मिलीलिटरच्या आसपास पाण्याची वाफ करते. आवाज होतो, बाथरूम वाफेने भरतं, कुणाला चटका बसू शकतो. पण घरातल्यांना कळतं आणि कुणीतरी बटण बंद करतं. तोंड बंद असेल तर काहीच ऐकू येत नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. टाकीचा जोड सुटला की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची त्या क्षणी वाफ होते. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ सोळाशे लिटरच्या वर जागा घेते. थोड्या पाण्याची झाली तरी चार बाय सहाच्या बाथरूममध्ये ती काय करेल हे वेगळं सांगायला नको.

थर्मोस्टॅट अडकू शकतो, कटआउट कुणी बायपास करू शकतं, सुरक्षा झडप क्षाराने जाम होऊ शकते. उघडी तोटी या सगळ्यांहून वेगळी आहे. तिच्यात हलणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, वायर नाही. ती बिघडत नाही, तिला फक्त माणूस बंद करतो. म्हणून या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी तडजोड करत नाही. काम हातचं गेलं तरी चालेल, गरम बाजूला कॉक लावून देणार नाही.

हाच नियम मोठ्या स्टोरेज गिझरलाही त्याच्या परीने लागू होतो. त्यांची गरम लाइन मिक्सरला जोडता येते, पण सुरक्षा झडपेची छोटी नळी उघडीच ठेवायची, खाली उतरती ठेवायची. तीही तापताना ठिबकते, आणि तिथेही लोक बूच ठोकून मोकळे होतात. जागा बदलली तरी कुठेतरी एक तोंड उघडं असणं सुटत नाही.

काम संपलं की मी निघण्याआधी एक तपासणी घरच्यांसमोर करतो, आणि त्यांना ती स्वतः करायला शिकवतो. गिझरची वीज बंद ठेवायची. बाथरूममधले बंद होण्यासारखे सगळे नळ, मुठी, शॉवर बंद करायचे. मग थंड बाजूचा अँगल कॉक उघडायचा. गरम तोटीतून पाणी वाहायला लागलं पाहिजे. टाकी भरली आहे याची खात्रीही त्यातच होते, आणि त्यानंतरच वीज सुरू करायची. आता थंड कॉक बंद करायचा, धार थांबली पाहिजे. थांबली, म्हणजे पाण्याला अडवणारा कॉक योग्य जागी आहे. थंड कॉक उघडा असतानाही पाणी वाहत नसेल, किंवा बाथरूममधल्या आणखी कुठल्याही मुठीने ती धार थांबवता येत असेल, तर ती मूठ काढल्याशिवाय गिझरचं बटण दाबायचं नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पाना लागत नाही, आणि कोणीही करू शकतं. बाथरूममध्ये नवा शॉवर, नवा मिक्सर किंवा गच्चीवर नवा पंप आला, की त्या दिवशी ती पुन्हा करायची.